आधी कार्ड परत करा, माफीचं त्यानंतर

*मी ऐरोलीत राहतो, वय ३३. बेलापूरच्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात सहा वर्षं डॉक्युमेंटेशनला होतो. कामातलं सगळं आमच्या मॅडमनी शिकवलं. २०२३ च्या मार्चमध्ये वाशीत जास्त पगाराची नोकरी मिळाली आणि दोन महिन्यांची नोटीस असताना मी बारा दिवसांत बाहेर पडलो. शेवटच्या दिवशी वाद झाला. सगळ्या स्टाफसमोर मी म्हणालो, “तुमच्याकडे माणसं टिकत नाहीत, ती तुमच्या स्वभावामुळेच.” नंतर मॅडमचे फोन आले, मी उचलले नाहीत. रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही, त्या बारा दिवसांचा पगारही नाही. कस्टम्सचं कार्ड अजून माझ्याकडेच आहे. वाशीच्या फर्मने काही मागितलं नव्हतं, पण आता महाप्याच्या एका इम्पोर्टर कंपनीत बोलणं पक्कं होत आलंय आणि त्यांना जुन्या कंपनीचं लेटर हवंय. तिथले मॅनेजर मॅडमना ओळखतात. खरं सांगायचं तर लेटर मागितलं नसतं, तरी ते बोलणं मला खुपतंच. मॅडमना मेसेज करू का? काय लिहू? लेटरचा विषय त्यातच काढू का?*

*– एक वाचक, ऐरोली*

मेसेज करा, पण या आठवड्यात नको. आणि लेटरचा विषय त्यात अजिबात नको.

तुमच्या मॅडम रोज कागद वाचून पैसे कमावतात. इन्व्हॉइसमध्ये एक लिहिलंय आणि पॅकिंग लिस्टमध्ये दुसरंच, हे त्यांना दोन मिनिटांत दिसतं. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस अचानक “मॅडम, फार वाईट वाटतं” म्हणतो आणि खालच्या ओळीत लेटर मागतो, तेव्हा वरची ओळ कशासाठी लिहिली हे त्यांना कळणारच. काही जण त्यावर युक्ती काढतात. आधी माफी मागायची, पंधरा दिवस थांबायचं, मग हळूच लेटर. हे तर आणखी वाईट. पहिल्या मेसेजने मॅडम थोड्या जरी विरघळल्या असल्या, तरी दुसरा मेसेज वाचून त्यांना वाटणार की आपल्याला खेळवलं. मग तो दरवाजा कायमचा बंद.

म्हणून क्रम उलटा ठेवा. कागदांचं काम आधी, उघडपणे आणि ऑफिसशी. माफी नंतर, फक्त मॅडमशी, आणि तेव्हा मागण्यासारखं तुमच्याकडे काही उरलेलं नसावं. कागदांचं बोलणं चालू असताना मॅडमच्या कानावर तुमचं नाव जाईलच, जाऊ दे. त्या बोलण्यात तुम्ही कसे वागता, हे त्या तुमच्या माफीच्या आधी बघतील.

सुरुवात कार्डापासून करा. तुम्ही पत्रात ते एका वाक्यात उरकलंय, पण मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. कस्टम्समध्ये फर्मच्या वतीने काम करायचं ते कार्ड तुम्हाला मॅडमच्या लायसन्सवर मिळालेलं आहे. २०१८ च्या कस्टम्स ब्रोकरांच्या नियमांत स्पष्ट आहे की कर्मचाऱ्याने कामात जे काही केलं, त्याला ब्रोकर जबाबदार. तुम्ही त्या कार्डाचा गैरवापर करणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना कुठे माहीत आहे? आपल्या लायसन्सचं कार्ड घेऊन गेलेला, फोन न उचलणारा माणूस म्हणून तुम्ही त्यांच्या डोक्यात आहात. त्या फोनांपैकी एखादा कदाचित याच कार्डासाठी असेल. मुदत संपली असली तरी परत करा. पाकिटात घालून, सोबत दोन ओळींचं पत्र जोडून स्वतः ऑफिसच्या रिसेप्शनवर द्या आणि पत्राच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घ्या. मॅडम आहेत का, असं विचारू नका. समोर आल्याच तर नमस्कार करा, “कार्ड द्यायला आलो होतो, फार उशीर झाला” एवढं म्हणा आणि निघा. रिसेप्शनसमोर उभ्या उभ्या माफीचा कार्यक्रम उरकू नका.

त्याच दिवशी ऑफिसच्या अकाउंट्सला किंवा जे कोणी पगाराचं बघतात त्यांना ईमेल करा. साधारण असा:

“मी मार्च २०२३ पर्यंत आपल्याकडे डॉक्युमेंटेशन विभागात होतो. ६० दिवसांच्या नोटिशीपैकी मी १२ दिवसच काम केलं. माझं फुल अँड फायनल अजून झालेलं नाही. नियुक्तीपत्राप्रमाणे उरलेल्या ४८ दिवसांची जी रक्कम माझ्याकडून येणं असेल ती, माझा राहिलेला पगार आणि शिल्लक रजा धरून, कळवावी. मी ती भरून हिशेब पूर्ण करू इच्छितो. त्यानंतर रिलीव्हिंग लेटर मिळावं ही विनंती. कस्टम्सचं कार्ड आज ऑफिसात जमा केलं आहे.”

यात “नाइलाजाने”, “त्या वेळची परिस्थिती पाहता” असलं काही घालू नका. नोटीस पूर्ण केली नाही हे तुमच्याच हाताने लिहिलेलं वाक्य त्या ईमेलमध्ये आहे, आणि मॅडमच्या नजरेला आधी तेच पडेल.

आता पैशांचं बघू, कारण माणसं इथेच बिचकतात. समजा तेव्हा तुमचा एकूण पगार ३६,००० होता आणि त्यात बेसिक १८,०००. कापायची रक्कम बेसिकवर की एकूण पगारावर, हे नियुक्तीपत्रात लिहिलेलं असतं. ते आधी शोधून वाचा. बेसिकवर असेल तर दिवसाचे ६०० म्हणजे ४८ दिवसांचे २८,८००. त्यातून तुमच्या बारा दिवसांचा अडकलेला पगार १४,४०० वजा केला, तर तुम्ही द्यायचे १४,४०० राहतात. एकूण पगारावर असेल तर ५७,६०० मधून १४,४०० गेले, म्हणजे ४३,२००. फरक मोठा आहे, म्हणून आकडा येण्याआधी आपला हिशेब तयार ठेवा. शिल्लक रजेचे पैसे मिळायची तरतूद असेल तर तेही त्यातून वजा होतील. काही ऑफिसं या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावतात. नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही असा खुलासा ऑगस्ट २०२२ च्या सरकारी परिपत्रकात (क्रमांक १७८) झालेला आहे. तसं बिल आलं तर अकाउंट्सला नम्रपणे दाखवा. पण दोन-चार हजारांवरून मॅडमपर्यंत जाऊ नका. आकडा तुमच्या ऐपतीत नसेल तर दोन-तीन हप्ते मागा. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या.

पीएफचं मात्र त्यांच्यावर अवलंबून नाही. नोकरी सोडल्याची तारीख त्यांनी भरली नसेल, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ती आपली आपण भरता येते. जानेवारी २०२० पासून ही सोय आहे. पीएफच्या मेंबर पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` असतं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख नीट बघून भरा. नव्या कंपनीचे पडताळणीवाले ही तारीख बघतात आणि दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की प्रश्न विचारतात.

दरम्यान महाप्याच्या मॅनेजरना हे तुमच्या तोंडून कळायला हवं, आणि पडताळणी सुरू व्हायच्या आधी. न्हावा शेवा बंदरावरच्या लोकांचं वर्तुळ केवढं आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. जवाहर कस्टम हाऊसच्या जिन्यात रोज तीच माणसं भेटतात. त्यांना सांगा, “बेलापूरहून निघताना मी नोटीस पूर्ण केली नाही, आणि निघणंही नीट झालं नाही, त्यात माझं चुकलं. हिशेब आता पूर्ण करतोय, लेटरला थोडा वेळ लागेल.” इथे थांबा. मॅडम कशा आहेत, यावर एक शब्दही नको. मॅनेजर विषय काढतील, कदाचित हसून म्हणतील, “कडक आहेत हो त्या.” तरी नाही. मी बरीच वर्षं नवी मुंबईतल्या कंपन्यांमध्ये एचआरमध्ये काढली. नोटीस न भरलेल्या उमेदवाराला आम्ही नोकरी दिलेली आहे. जुन्या मालकाबद्दल वाटेल ते बोलणाऱ्याला मात्र कुणी ना कुणी फुली मारायचंच. आणि कुणी लेटरहेडवर लेटर बनवून देतो म्हणालं तर त्याचा नंबर ब्लॉक करा. पडताळणीचा ईमेल थेट मॅडमच्या ऑफिसला जातो.

लेटर आलं, किंवा देणार नाही असं स्पष्ट उत्तर आलं, की कागदांचा विषय संपला. त्यानंतर तीन-चार आठवडे जाऊ द्या. मग माफी. लेटर नाकारलं असलं तरीही, कारण लेटर नसतं तरी खुपतं असं तुम्हीच लिहिलंय.

लिहिण्याआधी नेमकं काय केलंत ते स्वतःशी मांडा. मार्चमध्ये निघालात. वर्षअखेर, फाइलींचा ढीग, आणि चालू जॉब, म्हणजे हातातल्या मालाच्या फाइली, कुणाला समजावून न देता माणूस गेला. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद, उशिरा भरलं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये लागतात. एखादी फाइल पाच दिवस राहिली तर ३५,००० झाले, शिवाय कंटेनर अडकून राहिला म्हणून शिपिंग लाइन लावते ते डिटेन्शन वेगळं. पैसे कागदोपत्री इम्पोर्टरचे, पण तो ओरडतो ब्रोकरवर आणि लहान ब्रोकर बऱ्याचदा पार्टी टिकवायला ते स्वतः सोसतो. तुमच्या टेबलावर तेव्हा कुठल्या पार्टीचे जॉब होते हे आठवून बघा. तसं खरंच काही झालं का, हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून मेसेजमध्ये नुकसानीचे अंदाज बांधू नका. पण “तुम्हाला त्रास झाला असेल तर” असं लिहिण्याचा मोह यामुळे जाईल. त्या “तर”ने सगळ्यावर पाणी फिरतं. त्रास झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे ते वाक्य. ते केबिनमध्ये बंद दाराआड बोलला असतात, तर एकट्यात माफी पुरली असती. तुम्ही चार जणांसमोर बोललात. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना त्याच चार जणांकडून काम करून घ्यायचं होतं, आणि त्यातला प्रत्येक जण मनात विचार करत होता की तो बोलला ते खरंच आहे का. नोटिशीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं असणार, असं मला वाटतं.

माणसं टिकत नाहीत हे तुमचं निरीक्षण कदाचित बरोबरही असेल. रिलीव्हिंग लेटर आणि पगार अडकवून ठेवणं हेही काही मोठेपणाचं नव्हतं. पण हे दोन्ही या मेसेजमध्ये येणार नाही. “माझं चुकलं, पण तुमचंही...” असं लिहिलंत की त्या फक्त दुसऱ्या भागाला उत्तर देतील, आणि २०२३ चं भांडण तुम्ही पुन्हा तिथूनच सुरू कराल.

मजकूर मी असा लिहीन:

“नमस्कार मॅडम. २०२३ मध्ये मी ऑफिस सोडलं तेव्हा चालू जॉब कुणाला समजावून न देता, नोटीस अर्धवट टाकून, तेही मार्चमध्ये गेलो. तुमचे फोन उचलले नाहीत. आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर तुमच्या स्वभावाबद्दल जे बोललो, तसं बोलायला नको होतं. तिन्ही चुका माझ्या आहेत, त्यासाठी माफी मागतो. ते मी स्टाफसमोर बोललो होतो, त्यामुळे त्यांच्यासमोर येऊन चूक मान्य करायचीही माझी तयारी आहे. ते योग्य वाटतं का, हे तुम्ही ठरवा. चेकलिस्ट ओळीवर बोट ठेवून वाचायची तुम्ही लावलेली सवय अजून आहे. मला काही नको आहे, उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.”

चेकलिस्टची ओळ मी अंदाजाने घातली आहे. तिथे तुम्हाला खरोखर त्यांच्याकडून मिळालेली एक गोष्ट लिहा. एकच, आणि अशी की दुसऱ्या कुणाला ती लिहिता आली नसती. “तुम्ही माझ्या गुरू आहात” वगैरे नको, त्यांना ते खोटं वाटेल. सहा वर्षांत त्या तुमच्याशी इंग्रजीत बोलत असतील तर इंग्रजीत लिहा, पण एरवी मराठीत बोलणाऱ्या माणसाने माफी इंग्रजीत मागितली की ती एचआरच्या पत्रासारखी वाचली जाते.

हे व्हॉट्सॲपवर पाठवा. ऑफिसच्या ईमेलवर नको, लहान ऑफिसात तो आयडी तीन जण उघडतात. व्हॉइस नोट नको. ती ऐकताना माणसाला चोरून ऐकल्यासारखं होतं आणि पुन्हा वाचताही येत नाही. संक्रांतीच्या तिळगुळाच्या किंवा पाडव्याच्या शुभेच्छांना जोडून तर मुळीच नको. सणाच्या मेसेजला सगळेच अंगठा दाखवतात. तुम्हीही तो अंगठा बघून झालं म्हणाल, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसेल. महिनाअखेर आणि मार्च टाळा. मधल्या एखाद्या वारी, संध्याकाळी साडेसातनंतर पाठवा.

ऑफिसातल्या कुणा जुन्या सहकाऱ्याशी बोलणं असेल, तर त्याला एवढंच विचारा की नंबर तोच आहे ना, आणि त्यांच्या घरी सध्या आजारपण वगैरे काही नाही ना. “जरा मॅडमचा मूड बघून माझ्याबद्दल सांग” हे काम त्याच्या गळ्यात घालू नका. त्याला तिथे नोकरी करायची आहे.

मग निळ्या टिक येतील आणि बहुधा काहीच होणार नाही. त्या निळ्या टिकनाच उत्तर समजा. दोन दिवसांनी “मॅडम, मेसेज बघितलात का?” असं पाठवलंत, तर उत्तर नको म्हणालेलं खोटं ठरेल. महिन्याने नाही, सहा महिन्यांनीही नाही. कस्टम हाऊसमध्ये समोरासमोर आलात तर नमस्कार करा. त्या थांबल्या तर थांबा, नाही थांबल्या तर चालू लागा.

“ठीक आहे” एवढंच आलं, तर “थँक यू मॅडम” म्हणा आणि संपवा. त्या दोन शब्दांवर मोठा परिच्छेद लिहू नका. त्यांना तेवढंच बोलायचं होतं.

राग आला तर? फोन करून सुनावतीलही. माझ्या मते तेही बरंच, कारण गप्प बसण्यापेक्षा त्यांनी बोलायचं ठरवलं. ऐकून घ्या. मध्ये खुलासा करू नका, त्या एखादी गोष्ट चुकीची सांगत असल्या तरी. शेवटी “हो मॅडम, तसंच झालं” किंवा “हे मला माहीत नव्हतं” यातलं जे खरं असेल ते म्हणा. त्यांनी स्वतःहून विचारलं, “मी एवढी वाईट होते का रे?”, तर नाही नाही म्हणून सारवासारव करू नका आणि यादीही काढू नका. खरी, छोटी एक गोष्ट सांगा. उदाहरणार्थ, रात्री दहाला आलेल्या फोनवर चूक सांगितली की झोप लागत नसे. मग थांबा.

त्यांनी ऑफिसला बोलावलं तर जा. कॅफेत भेटूया असं तुम्ही सुचवू नका, बोलणं जिथे बिघडलं ती जागा बेलापूरची आहे. जाताना हातात मिठाईचा पुडा नको, त्याने त्यांच्यावर गोड बोलायचं बंधन येतं. स्टाफपुढे बोलायला त्यांनी होकार दिला, तर दोन वाक्यं पुरेत: “मी त्या दिवशी तुमच्यासमोर मॅडमना जे बोललो ते चूक होतं. आणि माझे जॉब तुमच्यापैकी कुणावर तरी पडले, त्याचीही माफी.” दुसरं वाक्य विसरू नका. तुमच्या फाइली शेवटी कुणीतरी रात्री बसून निपटल्या असतील, आणि ते कोण हे तिथे गेल्यावर तुम्हाला कळेल. त्यांना वेगळा फोन करा.

राहिला रेफरन्स. पडताळणीत पूर्वीच्या ऑफिसला तारखा, पद आणि बाकी काही येणं आहे का एवढं विचारतात, कधी कधी “पुन्हा घ्याल का?” असा एक रकाना असतो. त्या रकान्यात मॅडम काय लिहितील ते त्यांच्यावर सोडा, त्यासाठी गळ घालू नका. मनापासून दिलेला रेफरन्स ही फार पुढची गोष्ट. बोलणं पुन्हा सुरू झालं, तर निदान वर्षभर तरी तो मागू नका. या महाप्याच्या नोकरीसाठी तर नाहीच. बोलता बोलता मॅडमनीच विचारलं, “काही काम होतं का?”, तर म्हणा, “नाही मॅडम, लेटरचं ऑफिसशी झालं.” आणि लेटर मिळालं नसेल तर: “ऑफिसने नाही म्हटलंय, त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही.”